मणका म्हणतो उणे ०.८, खुबा म्हणतो उणे २.१

*माझी आई ६८ वर्षांची आहे, वजन ५२ किलो. दोन वर्षांपूर्वी अंगण धुताना घसरली आणि उजवं मनगट मोडलं. मागच्या वर्षी सोसायटीच्या शिबिरात टाचेला मशीन लावून तपासलं तेव्हा टी-स्कोअर उणे १.२ आला होता. आता मोठ्या सेंटरमध्ये डेक्सा स्कॅन केला. कण्याचा उणे ०.८, खुब्याच्या मानेचा उणे २.१, पूर्ण खुब्याचा उणे १.८. खाली लिहिलंय 'ऑस्टिओपेनिया'. डॉक्टर म्हणाले, कॅल्शियम घ्या, वर्षाने पुन्हा स्कॅन करू. माझी मावशी ५३ वर्षांची आहे. तिचा कण्याचा उणे २.६ आणि खुब्याच्या मानेचा उणे १.९ आला, तर तिला लगेच वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन दिलं. आईचा कणा तर चांगला आहे, मग काळजी करायची की नाही? आणि एका वर्षात १.२ वरून २.१, म्हणजे एवढं हाड झिजलं का? आई हल्ली जरा ठेंगणी वाटते. नोकरीला लागताना उंची १५३ सेंटिमीटर नोंदवली होती, परवा भिंतीला टेकवून मोजली तर १४८ भरली. रिपोर्टची सगळी पानं सोबत जोडली आहेत.*
*— एक वाचक, सातारा*

आधी निकाल सांगते, मग कारणं. कण्याचा तो उणे ०.८ सध्या बाजूला ठेवा, तो फसवा आहे. मोडलेलं मनगट आणि कमी झालेली पाच सेंटिमीटर उंची या दोन गोष्टी रिपोर्टमधल्या कुठल्याही आकड्यापेक्षा वजनदार आहेत. म्हणून वर्षभर थांबू नका. या महिन्यातच पाठीचा आडवा, म्हणजे कुशीच्या बाजूने घेतलेला, एक्स-रे काढून घ्या आणि तो हातात घेऊन डॉक्टरांना पुन्हा भेटा. हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. रिपोर्टवरचा 'ऑस्टिओपेनिया' हा शब्द तुमच्या आईंच्या बाबतीत पुरेसा नाही, एवढंच म्हणायचं आहे.

टी-स्कोअर कसा निघतो ते एकदा नीट पाहिलं, की पुढचं सगळं सोपं जाईल. डेक्सा यंत्र हाडातली खनिजं मोजतं आणि ती किती जागेत पसरली आहेत ते पाहतं. एक चौरस सेंटिमीटरमागे किती ग्रॅम, ती घनता. आईंच्या रिपोर्टमध्ये खुब्याच्या मानेसमोर, म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोळ्याखालच्या अरुंद भागासमोर, ०.६०६ लिहिलं आहे, तीच ही. आता तुलना कोणाशी? अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात मोठी राष्ट्रीय आरोग्य पाहणी झाली होती. तिच्यातल्या विशीतल्या गोऱ्या तरुणींची खुब्याच्या मानेची सरासरी, आईंचं स्कॅन ज्या होलॉजिक यंत्रावर झालं त्याच्या मापात, ०.८५८ धरतात. तरुणींमध्येही सगळ्यांचं हाड सारखं नसतं. त्या फरकाची एक पायरी, म्हणजे प्रमाण विचलन, ०.१२० ची आहे. ०.६०६ मधून ०.८५८ वजा केले की उणे ०.२५२ उरतात, त्याला ०.१२० ने भागलं की उणे २.१ येतात. आई विशीतल्या तरुणीच्या सरासरीपेक्षा दोन पायऱ्यांहून थोड्या खाली आहेत, इतकाच या आकड्याचा अर्थ. हाड २.१ टक्के गेलं असा नाही आणि २१ टक्के गेलं असाही नाही. असे तर्क रुग्णांकडून नेहमी ऐकू येतात.

यंत्राची कंपनी बदलली की ग्रॅमचे आकडे बदलतात. सेंटरने संदर्भासाठी भारतीय स्त्रियांची सरासरी निवडली असेल, तर हाड तेच असूनही टी-स्कोअर वेगळा येतो. आईंच्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात कोणता संदर्भ धरला आहे ते छापलेलं आहे. पुढच्या वेळी तोच आहे का, हे तपासा.

उणे २.५ ची रेघ १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने ठरवली. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ आणि उणे २.५ च्या मधल्यांना ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. रेघ उपयोगी आहे, पण हाड काही रेघ पाहून मोडत नाही. घनता एकेका पायरीने उतरते तसा धोका चढत जातो. खुब्याच्या घनतेची एक पायरी खाली गेली, की खुबा मोडण्याचा धोका साधारण अडीचपट होतो. उणे २.४ आणि उणे २.६ मध्ये म्हणून नावापुरताच फरक असतो. शिवाय ऑस्टिओपेनियाच्या पट्ट्यात स्त्रियांची संख्याच इतकी मोठी आहे, की एकूण फ्रॅक्चर मोजली तर निम्म्याहून जास्त उणे २.५ च्या वर असलेल्यांनाच झालेली दिसतात.

इथे एक उलटी चूकही होते. 'पायरीला अडीचपट' हे ऐकून लोक दोनदा गुणाकार करतात आणि आईचा धोका सातपट झाला म्हणून हादरतात. ती सातपट कोणाच्या तुलनेत? त्याच वयाच्या, पण तरुणीसारखं हाड टिकवलेल्या बाईच्या तुलनेत. अशी अडुसष्ट वर्षांची बाई क्वचितच भेटेल. समवयस्कांशी तुलना झेड-स्कोअर करतो. तो टी-स्कोअरच्या शेजारच्याच रकान्यात असतो आणि आईंच्या खुब्याच्या मानेचा तो उणे ०.५ आहे. म्हणजे अडुसष्टीच्या सर्वसाधारण बाईपेक्षा त्या अर्धीच पायरी खाली आहेत. केवळ घनतेपुरतं बोलायचं, तर खुबा मोडण्याचा धोका समवयस्कांच्या सुमारे दीडपट. झेड-स्कोअर उणे २ किंवा त्याखाली असता, तर वयापलीकडचं काहीतरी हाड खातंय असा संशय घेऊन ते आधी शोधावं लागलं असतं.

आता तो चांगला दिसणारा कणा. उणे ०.८ हा कमरेच्या चार मणक्यांचा एकत्रित आकडा आहे. रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर चारही मणके सुटे दिले आहेत, तिकडे सहसा कोणी पाहत नाही. तुमच्या पानावर एल१ चा टी-स्कोअर उणे १.९ आहे, एल२ चा उणे २.१, एल३ चा शून्य आणि एल४ चा अधिक ०.४. वरचे दोन मणके खुब्यासारखेच विरळ, आणि खालचे दोन एकदम तरुणीचे! एका कण्यात असं होत नाही. शेजारच्या दोन मणक्यांत एकापेक्षा जास्त टी-स्कोअरचा फरक असेल, तर त्यात काहीतरी खोट आहे असं समजून तो मणका हिशोबातून काढायचा, हा डेक्सा वाचण्याचा मान्य नियम आहे. निदान दोन मणके उरले तरी चालतं. एल२ आणि एल३ मध्ये इथे २.१ चा फरक आहे.

खोट कुठे आहे ते चित्रातच दिसतं. स्कॅनचा फोटो उजेडात धरा. वरचे दोन मणके करडे आहेत. खालच्या दोघांच्या कडा पांढऱ्या फटक आहेत, डाव्या बाजूला त्या चोचीसारख्या बाहेर आल्या आहेत आणि मधली फट जवळपास बुजली आहे. हे झिजेमुळे आलेलं जादा हाड. आपल्याकडे 'गॅप कमी झालाय, हाड वाढलंय' म्हणतात ते हेच. यंत्राला चोच आणि मणका वेगळे कळत नाहीत, सगळं खनिज ते एकत्र मोजतं. पोटातली मुख्य रक्तवाहिनी कण्याच्या अगदी पुढून जाते. तिच्यात चुना साठला असेल तर तोही याच मापात मिसळतो. साठीनंतर कण्याचा आकडा खुब्यापेक्षा खूप चांगला आला, तर आनंद होण्याआधी हे पान उघडायचं.

एल३ आणि एल४ वगळून फक्त वरच्या दोन मणक्यांचा हिशोब केला, तर कण्याची घनता ०.९६१ वरून ०.७५८ वर येते आणि टी-स्कोअर उणे २.० होतो. म्हणजे खुबा आणि कणा एकच गोष्ट सांगताहेत, मधे फक्त चोचींचा गोंगाट होता. सेंटरला फोन करून 'एल१-एल२ वर पुन्हा विश्लेषण करून सुधारित रिपोर्ट द्या' एवढं सांगा. पुन्हा स्कॅन करावा लागत नाही, साठवलेल्या प्रतिमेवरच ते होतं.

मणका फसवतो त्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती जास्त वाईट. समजा एका मणक्यात ९.६ ग्रॅम खनिज आहे आणि चित्रात त्याची जागा १२ चौरस सेंटिमीटर. घनता झाली ०.८००. हाच मणका उद्या दबला, बसका झाला, जागा १० चौरस सेंटिमीटर उरली. खनिज तेवढंच आहे, एक ग्रॅमही वाढलं नाही. पण घनता आता ०.९६० दिसेल आणि टी-स्कोअर जवळजवळ दीड पायरीने सुधारेल. मोडलेला मणका रिपोर्टात मजबूत म्हणून छापला जातो तो असा. निरोगी कण्यात एल१ पासून एल४ पर्यंत मणक्याची जागा वाढत जाते, त्यामुळे जागेच्या रकान्यात एखादा आकडा मधेच खाली आला की शंका घ्यायची. आईंच्या चारही मणक्यांची जागा मात्र ओळीने वाढत गेली आहे. कमरेत दबल्याचं चिन्ह मला दिसत नाही.

पण दबणारे मणके बहुतेक वेळा कमरेच्या वर, पाठीच्या मधल्या आणि खालच्या भागात असतात. साधा डेक्सा तिथे पाहतच नाही. म्हणून तुम्ही भिंतीला टेकवून उंची मोजलीत ते फार चांगलं केलंत. तरुणपणाच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त घट झाली असेल, तर मणक्यांचं चित्र काढायचं, असा नियम आहे. आईंची घट पाच आहे. सगळी घट मणके दबूनच होते असं नाही. मधल्या चकत्या चपट्या होतात, पाठीला बाक येतो. पण 'कधी पाठ दुखलीच नाही' या सांगण्यावर विसंबू नका. मणक्याची बहुतेक फ्रॅक्चर गाजावाजा न करता होतात. चार दिवस कंबर धरली होती, बाम लावला, बरी झाली, एवढीच काय ती आठवण उरते.

एक्स-रेच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून 'पाठ आणि कंबर, आडवा' असं लिहून घ्या. नुसता समोरून काढलेला उपयोगाचा नाही. रिपोर्ट येईल त्यात 'वयोमानानुसार बदल' एवढंच वाक्य असेल, तर समाधान मानू नका. कोणता मणका दबला आहे का आणि त्याची उंची किती टक्के कमी झाली आहे, हे स्पष्ट लिहून मागा. वीस टक्क्यांपासून पुढे उंची गेली असेल तर ते मणक्याचं फ्रॅक्चर समजतात, पंचवीसच्या वर मध्यम, चाळीसच्या वर गंभीर. काही डेक्सा यंत्रांवर कुशीवर झोपवून हेच चित्र निघतं, त्यात किरणोत्सर्गही कमी असतो. तुमच्या सेंटरमध्ये सोय असेल तर तसं करा. एक जरी मणका असा सापडला, आणि अपघात किंवा दुसरा आजार हे त्याचं कारण नसेल, तर टी-स्कोअर काहीही असो, ते ऑस्टिओपोरोसिसच. मग 'पेनिया की पोरोसिस' हा वाद संपतो आणि औषध सुरू करण्याचा प्रश्न बाकी राहतो.

आता मनगट. घरात उभ्याचं पडणं आणि त्यात हाड मोडणं, याला 'घसरली म्हणून मोडलं' म्हणून सोडून देतात. अंगणात घसरून हातावर पडलेल्या तिशीतल्या बाईला बहुतेकदा खरचटतं, मुका मार लागतो. उभ्या उंचीवरून पडून मोडलेलं हाड ही हाडाने स्वतः दिलेली साक्ष आहे, यंत्राच्या अंदाजापेक्षा पक्की. घनतेचा हिशोब वेगळा काढला तरी आधीच्या अशा फ्रॅक्चरमुळे पुढच्या फ्रॅक्चरचा धोका दीड ते पावणेदोन पट राहतो. आणि पहिली दोन वर्षं तो सगळ्यात जास्त असतो. त्या वेळी प्लास्टर घालून सोडलं, हाडाची तपासणी कोणी सुचवली नाही, हे दुर्दैवाने नेहमीचंच आहे.

इथे आईंच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. डेक्सा हाडाची सावली मोजतो, जाडी त्याला दिसत नाही. लहान चणीच्या बाईचं हाड बारीक असतं, आणि बारीक हाडाची घनता या मापात थोडी कमीच येते. आपल्याकडच्या पाच फुटांच्या आतल्या किती तरी बायकांना हे लागू आहे. तेव्हा उणे २.१ मधला काही भाग अंगकाठीचा असू शकतो. मनगट मोडलं नसतं आणि उंची टिकली असती, तर मीही म्हटलं असतं की थांबून पाहू.

टाचेच्या शिबिराचं उत्तर सरळ आहे. नाही, वर्षात एवढं हाड झिजलं नाही. टाचेला लावलेलं यंत्र क्ष-किरणांचं नसून ध्वनिलहरींचं होतं. लहर टाचेच्या हाडातून किती वेगाने जाते आणि किती क्षीण होते, यावरून ते अंदाज बांधतं. तो अंदाजही टी-स्कोअर म्हणूनच छापतात, गोंधळ तिथेच होतो. उणे १ आणि उणे २.५ च्या रेघा त्याला लागू नाहीत आणि डेक्साच्या आकड्याशी त्याची वजाबाकी करता येत नाही. जुना कागद फाईलमधून काढून टाका, म्हणजे पुढच्या डॉक्टरांची दिशाभूल होणार नाही.

मग धोका एका आकड्यात कसा मांडायचा? त्यासाठी ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठात २००८ साली तयार झालेलं फ्रॅक्स नावाचं गणितपत्रक आहे. ते मोफत आहे आणि त्यात भारताचा स्वतंत्र पर्याय आहे. पुढच्या दहा वर्षांत खुबा मोडण्याची शक्यता किती टक्के, आणि खुबा, मणका, मनगट, खांदा यांपैकी काहीही मोडण्याची किती, असे दोन आकडे ते देतं. डॉक्टरांसमोर बसून भरा, कारण चुका भरतानाच होतात. देश भारत निवडा. उंची आजची, १४८. 'पूर्वीचं फ्रॅक्चर' समोर 'हो', कारण मनगट त्यात धरतात. आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, हा प्रश्न तुमच्या आईच्या आई-वडिलांबद्दल आहे. याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, घरात विचारून ठेवा. स्टिरॉइडच्या गोळ्या तीन महिने किंवा जास्त घेतल्या असतील तर 'हो'. दम्याची किंवा सांधेदुखीची 'पांढरी बारीक गोळी' बऱ्याचदा तीच असते, म्हणून जुन्या चिठ्ठ्या पाहा. घनतेच्या चौकटीत फक्त खुब्याच्या मानेचा आकडा टाकायचा. यंत्राचं नाव निवडून ०.६०६ टाका. कण्याचा आकडा तिथे घातला तर येणारं उत्तर निरर्थक.

अमेरिकेत खुब्यासाठी ३ टक्के आणि एकूण फ्रॅक्चरसाठी २० टक्के ही औषध सुरू करण्याची पातळी धरतात. आपल्याकडेही बरेच डॉक्टर तीच वापरतात. ब्रिटनमध्ये वयानुसार पातळी बदलते. आकडा पातळीच्या जरा खाली आला म्हणून निश्चिंत होऊ नका. एक मणका मोडला काय नि चार मोडले काय, मनगट गेल्या वर्षी मोडलं की वीस वर्षांपूर्वी, हा फरक मूळ पत्रकाला कळत नाही. वारंवार पडणं त्यात नाही. मधुमेहही टाइप २ असेल तर तो स्वतंत्रपणे मोजला जात नाही, आणि त्यात हाड घनतेच्या मानाने जास्त ठिसूळ असतं. आईंना शुगर असेल तर डॉक्टरांना आवर्जून आठवण करा.

मावशींशी तुलना करताना वय पाहा. पुढच्या दहा वर्षांचाच विचार केला तर मोठा धोका आईंना आहे, मावशींचा आकडा कितीही खाली असला तरी. पंधरा वर्षांनी जास्त वय आणि एक मोडलेलं हाड ही दोन वजनं आईंच्या पारड्यात आहेत. पण म्हणून मावशींचं इंजेक्शन चुकलं असं नाही. निदान सगळ्यात खालच्या खऱ्या आकड्यावरून होतं, तो त्यांच्या कण्याचा आहे, आणि त्या वयात चोची कमी असल्याने तो सहसा विश्वासार्ह असतो. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाड सगळ्यात वेगाने जातं, त्यातही मणक्यातलं जाळीदार हाड आधी जातं.

औषधाचं नाव मी पत्रातून ठरवणार नाही, पण ते सुरू होण्याआधी रक्ताच्या काही तपासण्या झाल्याच पाहिजेत. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनीन, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड संप्रेरक आणि थायरॉइड. यातल्या ड जीवनसत्त्वावर माझा भर आहे. ते फारच कमी असेल तर हाडात खनिज बसतच नाही. घनता तेव्हाही कमीच दिसते, पण तो हाड मऊ पडण्याचा वेगळा आजार असतो आणि ड जीवनसत्त्व व कॅल्शियम भरून काढल्यावर आकडा लक्षणीय सुधारतो. उणीव तशीच ठेवून वर्षाचं इंजेक्शन दिलं, तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. क्रिएटिनीन मूत्रपिंडासाठी. ते कमजोर असेल तर हे इंजेक्शन देत नाहीत.

आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी दिली तर घेण्याची पद्धत पाळावीच लागते, नाहीतर ती आतड्यात शोषलीच जात नाही. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास ना चहा, ना दूध, ना कॅल्शियमची गोळी, आणि त्या अर्ध्या तासात आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे जखम करते. दर सहा महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचा पर्याय निघाला, तर आधीच विचारून घ्या की ते बंद करताना पुढे काय देणार. ते मधेच सोडलं तर हाड झपाट्याने उतरतं आणि एकापाठोपाठ मणके दबलेले पाहण्यात येतात. गावी राहणाऱ्या आणि तारखा चुकण्याची शक्यता असलेल्या आजींना मी ते पहिल्या पसंतीने सुचवत नाही.

कॅल्शियम दिवसाला सगळं मिळून १२०० मिलिग्रॅम पुरे, जेवणातलं धरून. दोन कप दूध-दही आणि नाचणीची एक भाकरी यांतून निम्म्याच्या आसपास जातं. उरलेल्यापुरतीच गोळी. एवढ्याने मोडकं हाड सावरेल ही अपेक्षा मात्र ठेवू नका. मनगट मोडलेल्या अडुसष्टीच्या बाईला फक्त कॅल्शियमवर ठेवणं मला पटत नाही, ते याचमुळे.

आणि पुढच्या स्कॅनबद्दल. यंत्र, तंत्रज्ञ आणि झोपण्याची स्थिती यांमुळे मोजमापात थोडी चूक होतेच. खुब्याच्या मानेत सुमारे ७ टक्क्यांपर्यंत आणि पूर्ण खुब्यात ५ टक्क्यांपर्यंतचा फरक हा बदल समजत नाहीत. आईंच्या बाबतीत मानेचा आकडा ०.६०६ वरून ०.५६४ च्या खाली गेला, तरच खरी घट म्हणता येईल. वर्षाने टी-स्कोअर उणे २.१ चा उणे २.३ झाला, तर तो ग्रॅममध्ये केवळ ०.०२४ चा, म्हणजे ४ टक्क्यांचा फरक आहे. त्याला घट म्हणता येणार नाही, तसंच उणे १.९ आला तर सुधारणा म्हणता येणार नाही. या वयात हाड वर्षाला साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी जातं, तेव्हा वर्षाने स्कॅन करून काही कळण्याची शक्यताच थोडी. औषध सुरू झालं तर दीड-दोन वर्षांनी करा. त्याच सेंटरमध्ये, त्याच यंत्रावर, त्याच बाजूचा खुबा, आणि तुलना टी-स्कोअरची न करता पूर्ण खुब्याच्या ग्रॅमची, आईंच्या बाबतीत ०.७२२ ची.

स्कॅनला जाताना आदल्या दिवशी कॅल्शियमची गोळी बंद ठेवा, न विरघळलेली गोळी आतड्यात राहिली तर ती मणक्याच्या चित्रात येते. धातूचे हूक, चेन, कमरेची साखळी काढून ठेवायला सांगा. खुब्याचं चित्र घेताना पाय आत वळवून पट्ट्याने बांधतात. तो नीट वळला नसेल तर मान आखूड दिसते आणि आकडा फुगतो. चित्रात मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूला एक छोटा उंचवटा असतो. तो ठळक गोलसर दिसत असेल तर पाय पुरेसा वळलेला नव्हता, जेमतेम दिसत असेल तर ठीक. आईंच्या या वेळच्या चित्रात तो जेमतेमच दिसतो, म्हणून उणे २.१ वर माझा विश्वास आहे.